दोन गुणांचा प्रश्न

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वसतिगृहातील अकरावीच्या एका विद्यार्थिनीचा ई-मेल मला आला. तो तिने गावी गेल्यावर भावाच्या मोबाइलवरून पाठविला होता. सुट्टीपूर्वी मी इतिहासाचे निबंध तपासून परत दिले होते आणि तिच्या निबंधास २० पैकी १३ गुण दिले होते. ई-मेल थोडक्यात असा होता :

‘आदरणीय सर, सप्रेम जयभीम. माझ्या निबंधात आपण एकही चूक दाखविलेली नाही. सनावळी बरोबर आहेत, शुद्धलेखनही बरोबर आहे. शेवटी आपण “चांगला” असे लिहिले आहे. विशेष प्रावीण्यासाठी ७५ टक्के, म्हणजे १५ गुण लागतात. मग माझे दोन गुण कोठे गेले? अजून दोन पाने लिहायला हवी होती का? की बाबासाहेबांची अवतरणे कमी पडली? कृपया सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी मी तसे करीन.’

हा ई-मेल वाचून प्रथम मला माझीच चूक जाणवली. ‘चांगला’ हा काही शेरा नव्हे. त्यातून विद्यार्थ्याला काहीही कळत नाही. एम.ए.ला असताना माझाही एक निबंध असाच नुसत्या आकड्यासह परत आला होता. कारण विचारायला गेलो, तर ‘ठीक आहे, पहिला वर्ग आहे ना?’ एवढेच उत्तर मिळाले. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना वर्गाबाहेर बसवून शिकविले गेले, त्यांच्या मुलांच्या मनात अशा वेळी कोणती शंका उभी राहते हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. ती शंका दूर करण्याचा एकच मार्ग आहे. गुणांचे कारण विद्यार्थ्याला स्वतः पडताळून पाहता येईल अशा शब्दांत लिहून देणे. म्हणून मी तिला सविस्तर उत्तर लिहिले. तोच विषय पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडीत आहे.

प्रथम तिच्या प्रश्नातील एक समजूत दुरुस्त करावी लागली. ‘माझे दोन गुण कोठे गेले’ या वाक्यात असे गृहीत आहे की विद्यार्थ्याच्या हाती आधीच वीस गुण असतात आणि शिक्षक चुकीगणिक ते कापीत जातो. गणिताच्या किंवा शुद्धलेखनाच्या परीक्षेत हे बऱ्याच अंशी खरे असेल. इतिहासाच्या निबंधात ते खरे नाही. तेथे गुण शून्यापासून मिळवीत जावे लागतात. निर्दोष माहिती ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत नेते. त्यापुढचे गुण निर्दोषपणाचे नसून प्रश्नाचे उत्तर दिल्याचे असतात. तिच्या निबंधाचे मी केलेले विभाजन असे होते : माहितीस ६ पैकी ६, प्रश्नाच्या उत्तरास व युक्तिवादास ८ पैकी ३, साधनांच्या वापरास ४ पैकी २, मांडणीस २ पैकी २. दोन पाने वाढविली असती तर माहितीचे सहाचे सात झाले नसते. जी जागा रिकामी होती ती दुसऱ्याच खणात होती.

प्रश्न असा होता : ‘१९२७ चा महाडचा संग्राम हा पाण्यासाठी होता, हे विधान कितपत योग्य आहे?’

या वाक्यातील सर्वांत वजनदार शब्द ‘महाड’ नाही, ‘पाणी’ही नाही, तो ‘कितपत’ हा आहे. माप मागणारा हा शब्द आहे. विधान पूर्ण खरे, पूर्ण खोटे, की काही अंशी खरे, आणि काही अंशी असेल तर किती व कोणत्या अर्थाने, हे ठरवून सांगा, असे तो म्हणतो. बहुतेक मुले मात्र ‘महाड’ हा शब्द दिसताच लिहू लागतात. आपल्या मुलांच्या बाबतीत ही अडचण अधिकच असते, कारण महाडची हकीगत त्यांना तोंडपाठ असते. लहानपणापासून ती त्यांनी गाण्यांतून व भाषणांतून ऐकलेली असते. विषयावर प्रेम असल्यामुळेच निबंधाचे जयंतीचे भाषण होते. भाषणात श्रोता आधीच आपल्या बाजूचा असतो. निबंधाच्या वाचकाला आपल्या बाजूला आणावे लागते.

तिच्या निबंधातील दुसरा परिच्छेद असा होता : ‘४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यानंतर १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. २० मार्च रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून इतिहास घडविला.’

बोले यांच्या नावाचे आद्याक्षर ‘सी.’ नसून ‘एस.’ आहे, ते सीताराम केशव बोले. एवढी चूक मी दुरुस्त केली होती, पण ती लेखणीची चूक समजून गुण कमी केले नव्हते. तिच्या लक्षातही ती दुरुस्ती आलेली दिसत नाही. बाकी सारे खरे आहे. परंतु हा परिच्छेद नीट वाचला तर ध्यानात येते की त्यातील वाक्ये ‘त्यानुसार’, ‘त्यानंतर’ या शब्दांनी एकापुढे एक ठेवलेली आहेत. हे कालक्रमाचे शब्द आहेत. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘यावरून’ हे कारणाचे व अनुमानाचे शब्द तेथे एकदाही आलेले नाहीत. मी तिला लिहिले, ‘तुझ्या निबंधाचे शीर्षक हाताने झाकून मैत्रिणीला वाचायला दे आणि प्रश्न काय होता ते ओळखायला सांग.’ तिने तसे केले. मैत्रिणीने ‘महाडच्या सत्याग्रहाची माहिती लिहा’ असे सांगितले. निबंध चांगला असून प्रावीण्याचा का नव्हता, हे त्या एका उत्तरात आले.

आता तोच परिच्छेद प्रावीण्याचा कसा होतो ते पाहू. त्यासाठी एकही नवी सनावळ लागत नाही. तिने दिलेल्या दोन तारखांच्या मधली जागा पाहावयाची आहे. नगरपालिकेचा ठराव १९२४ चा आणि तळ्यावरची कूच १९२७ ची. मधल्या तीन वर्षांत तळे कागदावर खुले होते. मग तेथे जाऊन पाणी का घेतले गेले नाही? आणि हक्क कागदावर मिळालेलाच होता, तर परिषद भरवून तळ्यावर जाण्याची गरज काय होती? हा प्रश्न विचारताक्षणी परिच्छेद बदलतो : ‘१९२४ पासून तळे ठरावाने खुले होते, तरीही अस्पृश्यांना ते वापरता आले नाही. यावरून असे दिसते की अडसर नियमाचा नव्हता, स्पृश्य समाजाच्या धाकाचा होता. म्हणून २० मार्चला हक्क मागितला गेला नाही. मिळालेला हक्क बजावला गेला.’ माहिती तीच. पण आता ती प्रश्नाकडे तोंड करून उभी आहे.

दुसरा मुद्दा विरुद्ध पुराव्याचा. तिच्या निबंधाचा शेवट असा होता : ‘म्हणून हा लढा पाण्याचा नसून समतेचा होता.’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते खोटे नाही. परंतु पाण्याची गरज खरोखरीच होती, याचाही पुरावा आहे, आणि तो बाबासाहेबांच्याच लेखनात आहे. बाजाराला किंवा सरकारी कामाला महाडला येणाऱ्या आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्यांना पाण्यासाठी अस्पृश्य वस्तीतल्या विहिरीपर्यंत जावे लागे, असे त्यांनी नोंदविले आहे. उन्हातान्हात मैलोगणती चालत आलेल्या माणसाला पाणी हे प्रतीक नसते. हा पुरावा निबंधात आणला तर आपली बाजू कमकुवत होईल, अशी मुलांना भीती वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. जो निबंध विरुद्ध पुरावा पुढे ठेवून त्याचे वजन करतो, त्याचाच निष्कर्ष वाचक मानतो. पाणी हवे होते हे मान्य करून मग विचारावे : तेवढ्याने सर्व घटनांचा उलगडा होतो का?

होत नाही, आणि याचा सर्वांत बळकट पुरावा विरोधकांच्या कृतीत आहे. २० मार्चनंतर सनातन्यांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून व मंत्र म्हणून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पाणी कमी पडेल म्हणून भांडणारा माणूस तळ्यात शेण कालवीत नाही. त्याच तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, हेही तिच्या निबंधात एका कोपऱ्यात, नुसती माहिती म्हणून आले होते. ही दोन वाक्ये शेजारी आणली असती तर विरोध पाण्याच्या वाटणीला नसून विशिष्ट माणसांच्या स्पर्शाला होता, हे विरोधकांच्याच वागण्यातून सिद्ध झाले असते. आपल्या बाजूच्या भाषणातील दहा अवतरणांपेक्षा समोरच्याने नकळत दिलेला असा एक पुरावा वजनदार असतो. तिच्या ‘अवतरणे कमी पडली का’ या शंकेचे उत्तर येथे आहे. अवतरणे भरपूर होती. त्यांच्याकडून कामच करून घेतलेले नव्हते.

तिसरा मुद्दा लिहिताना मी थोडा थांबलो, कारण तो आपल्या घराघरांतल्या श्रद्धेला भिडतो. तिने मुख्य पुरावा म्हणून बाबासाहेबांचे महाड परिषदेतील भाषण दिले होते. आपण केवळ पाणी पिण्यासाठी तळ्यावर जात नसून इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जात आहोत, असा त्या भाषणाचा आशय आहे. मी समासात लिहिले होते, ‘हे भाषण केव्हाचे?’ हा प्रश्न तिला समजला नव्हता. ते भाषण २५ डिसेंबर १९२७ चे आहे. फ्रान्समधील १७८९ च्या राष्ट्रीय सभेचा दाखला ज्यात येतो तेच ते भाषण. मार्च आणि डिसेंबर यांच्या मध्ये नऊ महिने गेले होते, आणि त्यात परतीच्या वाटेवरील लोकांवर झालेला हल्ला, तळ्याचे शुद्धीकरण, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेणे, एवढे सारे घडले होते. डिसेंबरातील शब्द मार्चमधील हेतूचा पुरावा म्हणून जसेच्या तसे वापरता येत नाहीत. कदाचित हेतू पहिल्यापासून तोच असेल. कदाचित या नऊ महिन्यांच्या अनुभवाने तो अधिक धारदार झाला असेल. निबंधाने निदान हा भेद पाहिला आहे असे दिसले पाहिजे. ‘बहिष्कृत भारत’ही ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाले, म्हणजे त्यातील मार्चची हकीगत घटनेनंतरची आणि लढ्यातील एका पक्षाने लिहिलेली आहे. म्हणून ती टाकावू ठरत नाही. ती कशाची साक्ष देते व कशाची देत नाही, हे सांगावे लागते, इतकेच.

बाबासाहेबांच्या शब्दांना ‘केव्हाचे?’ असे विचारणे हा अनादर आहे काय, असे एका पालकांनी मला पूर्वी विचारले होते. त्यांना मी १९१६ सालच्या निबंधाकडे पाहण्यास सांगितले होते. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या विद्यार्थी भीमरावाने भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात आरंभी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आहेत. केतकरांचे गुण मोकळेपणाने मान्य केले आहेत. आणि मग त्यांनी जातीची म्हणून सांगितलेली दोन लक्षणे, बाहेरच्यांशी विवाहबंदी व जन्माने मिळणारे सभासदत्व, ही वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे दाखवून दिले आहे. मान देणे आणि तपासणे ही दोन कामे तेथे एकाच परिच्छेदात चालली आहेत. प्रावीण्याचा निबंध म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना मी मुलांपुढे ठेवू शकत नाही.

उत्तराच्या शेवटी मी तिला एकच कसोटी दिली. पहिल्या परिच्छेदात तुझे उत्तर एका वाक्यात लिही आणि पाहा, त्या वाक्याशी एखाद्या शहाण्या माणसाला असहमत होता येते का? ‘महाडचा संग्राम ही एक ऐतिहासिक घटना होती’ या वाक्याशी कोणीच असहमत होणार नाही. म्हणून ते वाक्य म्हणजे उत्तर नव्हे. भाषेच्या अलंकारांनीही हे होत नाही. तिने ‘क्रांतिसूर्य तळपला’ असे एके ठिकाणी लिहिले होते. ते गाळले असते तरी काही बिघडले नसते, ठेवल्यानेही गुण वाढले नाहीत.

सुट्टी संपल्यावर तिने निबंध पुन्हा लिहून आणला. पहिल्यापेक्षा तो पाऊण पान लहान होता. आरंभीचे वाक्य असे होते : ‘महाडमध्ये पाण्याची गरज खरी होती, पण भांडण पाण्याच्या वाटणीचे नव्हते; माणूस म्हणून मान्यता मिळते की नाही, याची परीक्षा पाण्यावर झाली.’ १९२४ व १९२७ मधील अंतर, शुद्धीकरण, मुसलमानांना असलेली मोकळीक, सारे आता आपापल्या जागी आले होते. एक मुद्दा तर मी सांगितलाही नव्हता. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सनातन्यांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला आणि १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. डिसेंबरच्या परिषदेला जमलेले लोक तळ्यावर जावयास तयार असतानाही त्यामुळे सत्याग्रह तहकूब झाला. पण मनुस्मृतीचे दहन मात्र २५ तारखेलाच झाले. तिने लिहिले होते, ‘पाणी थांबले तरी लढा थांबला नाही, यावरून लढ्याचे मूळ उद्दिष्ट पाण्यापलीकडचे होते.’ अनुमान तिचे स्वतःचे होते. वास्तविक दहन २५ तारखेस झाले आणि तहकुबीचा निर्णय त्यानंतर, २७ तारखेस. तेव्हा ‘थांबले तरी’ हा क्रम काटेकोरपणे बसत नाही. मनाईहुकूम समोर असताना दहन झाले, असे म्हटले की अनुमान टिकते. ते मी समासात लिहिले.

शेवटच्या परिच्छेदात मात्र ती घसरली. ‘१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समतेचे तत्त्व मान्य करून अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला,’ असे तिचे वाक्य होते. तारीख बरोबर आहे, निकालही आपल्या बाजूचा आहे. परंतु न्यायालयाने समतेच्या तत्त्वावर तो दिलेला नाही. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. तशी रूढी त्यांनी सिद्ध केली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या निकालपत्रातून डोके वर काढतो. हा निकाल तिच्या मुद्द्याला जेवढा आधार देतो असे तिला वाटले, तेवढा देत नाही. किंबहुना न्यायालयात दहा वर्षे भांडण तळ्याचेच राहिले, ही तिच्या आरंभीच्या वाक्याला लागणारी मर्यादा आहे.

या वेळी गुण असे झाले : माहिती ५, युक्तिवाद ६, साधने ३, मांडणी २, एकूण १६. पहिल्या निबंधात माहितीला पूर्ण सहा होते, या वेळी पाच. वही हातात घेऊन ती काही वेळ समासातील शेरा वाचीत उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ते निकालपत्र मराठीत मिळेल का? मला ते पूर्ण वाचायचंय.” ग्रंथालयात ते इंग्रजीत आहे. गेले काही रविवार आम्ही दोघे शब्दकोश घेऊन बसतो. चार पाने झाली आहेत.